मौखिकीनंतर ‘मोठ्या दुरुस्त्या’: परीक्षकांच्या यादीवरून कामाचा आराखडा कसा करावा

पीएचडीची मौखिकी झाली आणि निकालात ‘मोठ्या दुरुस्त्यांसह मान्य’ असं आलं, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ‘किरकोळ दुरुस्त्या’ आल्या असतील तर इतक्या तयारीची गरज नाही. ‘पुन्हा सादर करा’ असा निकाल असेल, तर मात्र वेगळे नियम लागू होतात: प्रबंधाची परीक्षा नव्याने होते आणि मौखिकीही पुन्हा होऊ शकते. मोठ्या दुरुस्त्यांत तसं नसतं. परीक्षकांनी दिलेल्या यादीतलं काम झालं की नाही एवढंच तपासलं जातं, बहुतेक ठिकाणी पुन्हा मौखिकी न घेता. म्हणून ती यादी हाच तुमच्या पुढच्या कामाचा पाया आहे.

सर्वांत आधी कागद हातात घ्या. चार लागतात: निकालाचं अधिकृत पत्र, परीक्षकांचा संयुक्त अहवाल, दुरुस्त्यांची यादी (ती कधी अहवालातच असते, कधी वेगळी), आणि परीक्षकांनी खुणा केलेली प्रबंधाची प्रत, मिळाली तर. मौखिकीच्या खोलीत तोंडी जे बोललं गेलं ते आठवणीतून लिहून ठेवा. पण कामाची बांधिलकी लेखी यादीशी आहे. मौखिकीत परीक्षक उत्साहाने पंधरा गोष्टी सुचवतात आणि त्यांतल्या सहाच यादीत येतात. उरलेल्या नऊ करत बसलात, तर सहा अर्धवट राहतात.

पत्रात तीन गोष्टी शोधा. मुदत किती आणि ती कोणत्या तारखेपासून मोजली जाते. पुष्कळदा ती मौखिकीच्या दिवसापासून नव्हे, तर पत्राच्या तारखेपासून मोजतात. दुरुस्त्या कोण तपासणार, फक्त अंतर्गत परीक्षक की दोघेही. आणि या काळात तुमची नोंदणी चालू राहते का. अनेक विद्यापीठांत मोठ्या दुरुस्त्यांना सहा महिने मिळतात, काही ठिकाणी जास्त. तुमच्या पत्रात असेल ती मुदत खरी. नोंदणीचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नोंदणी बंद झाली की ग्रंथालयाचा प्रवेश आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा परवाना दोन्ही जाऊ शकतात, आणि ते ऐन कामाच्या मध्यावर कळतं.

आता यादी. परीक्षक एका मुद्द्यात अनेक कामं गुंफतात, म्हणून ती जशीच्या तशी कामाला लावू नका. एका तक्त्यात मुद्दा परीक्षकांच्याच शब्दांत उतरवा आणि त्याखाली तो मोडून लहान कामं लिहा. प्रत्येक कामापुढे कोणतं प्रकरण बदलेल, आधी काय व्हायला हवं आणि सध्या कुठे अडलंय, एवढं पुरे. मूळ क्रमांक बदलू नका. परीक्षक शेवटी आपलीच यादी समोर घेऊन बसतात. त्यांना क्रमांक ७ शोधला की क्रमांक ७ सापडला पाहिजे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. प्रबंध शिकवण्याच्या एका नव्या पद्धतीवर आहे. १८ शाळा, प्रत्येकी ३० विद्यार्थी, म्हणजे ५४० जण. निम्म्या शाळांत नवी पद्धत, निम्म्या शाळांत जुनी. नव्या पद्धतीच्या शाळांत सरासरी ५.२ गुण जास्त, प्रमाण त्रुटी २.०, म्हणजे फरक ‘लक्षणीय’. यादीत क्रमांक ७ असा: ‘चौथ्या प्रकरणातील विश्लेषणात विद्यार्थी शाळांमध्ये गटबद्ध असल्याचा विचार केलेला नाही. पुन्हा विश्लेषण करावे आणि निष्कर्ष त्यानुसार तपासावेत.’

दोन ओळींची ही सूचना किती खोल जाते ते पाहा. एकाच शाळेतले विद्यार्थी एकमेकांसारखे असतात, म्हणून ५४० जणांकडून ५४० स्वतंत्र माहिती मिळत नाही. गुणांतल्या एकूण फरकापैकी दहा टक्के फरक शाळाशाळांमधला आहे असं धरलं, तर सुधारणेचा गुणक १ + (३० − १) × ०.१, म्हणजे ३.९ येतो. ५४० ला ३.९ ने भागलं की सुमारे १३८ उरतात. पद्धत शाळेला दिली होती, एकेका विद्यार्थ्याला नाही. त्यामुळे प्रमाण त्रुटी ३.९ च्या वर्गमूळाने, म्हणजे जवळजवळ दुपटीने वाढते आणि ४ च्या आसपास जाते. शाळा मोजक्याच असल्याचं लक्षात घेऊन ९५ टक्के विश्वासांतर काढलं, तर ते साधारण वजा ३ ते अधिक १४ गुण इतकं रुंद होतं. ५.२ चा फरक तोच आहे, पण आता तो शून्यापासून वेगळा आहे असं म्हणता येत नाही.

म्हणजे क्रमांक ७ मध्ये निदान पाच कामं आहेत. ७क: बहुस्तरीय प्रारूपाने नवं विश्लेषण. ७ख: चौथ्या प्रकरणातले तक्ते आणि आलेख नव्याने. ७ग: तिसऱ्या प्रकरणात ही पद्धत का निवडली याचा परिच्छेद. इथे एक बारकावा आहे: गट १८ च असताना नेहमीच्या गट-सुधारित प्रमाण त्रुटीही प्रत्यक्षापेक्षा कमी येण्याचा धोका असतो, म्हणून लहान संख्येसाठीची सुधारणा वापरली का, हे लिहावं लागतं, नाहीतर परीक्षक पुन्हा तोच प्रश्न विचारतील. ७घ: सहाव्या प्रकरणातली चर्चा. ७च: गोषवारा आणि समारोप.

त्याच यादीत क्रमांक १२ आहे: ‘सहाव्या प्रकरणातील धोरणविषयक शिफारशी पुराव्याच्या मानाने जास्त ठाम आहेत.’ आणि क्रमांक १५: ‘मुलाखतींचे निष्कर्ष संख्यात्मक निष्कर्षांशी जोडावेत.’ दोन्ही ७क वर अवलंबून आहेत. १२ सोपा वाटतो म्हणून तो आधी उरकला, तर चार आठवड्यांनी सगळी चर्चा पुन्हा लिहावी लागेल. म्हणून तक्त्यात ‘आधी काय व्हायला हवं’ हा रकाना ठेवायचा. ज्या कामावर सर्वांत जास्त मुद्दे टेकलेले आहेत, ते पहिलं. यादीतला क्रम हा परीक्षकांच्या वाचनाचा क्रम असतो. कामाचा क्रम वेगळा निघतो.

तक्ता झाला की संदिग्ध मुद्दे वर येतात. ‘सैद्धांतिक चौकट अधिक भक्कम करावी’ म्हणजे नेमकं काय? नवा सिद्धांत आणायचा, की आहे तोच नीट मांडायचा? अशा मुद्द्यांची खात्री पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करून घ्या, आणि थेट परीक्षकांना ईमेल करू नका. प्रश्न मार्गदर्शकांकडे द्या. ते अंतर्गत परीक्षकांमार्फत किंवा परीक्षा विभागामार्फत विचारतील, आणि ठरेल ते सगळं लेखी राहील. ‘काय अपेक्षित आहे?’ असं मोघम न विचारता तुमचा अर्थ मांडून विचारा: ‘या मुद्द्याखाली आम्ही दुसऱ्या प्रकरणात विद्यमान सिद्धांताची मर्यादा सांगणारा एक विभाग घालणार आहोत, हे पुरेसं आहे का?’ अशा प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मिळतं.

मग तारखा, शेवटाकडून मागे. सहा महिने म्हणजे सुमारे २६ आठवडे. मार्गदर्शकांना पूर्ण प्रत वाचायला तीन आठवडे, त्यांच्या सूचना बसवायला दोन, पृष्ठक्रमांक आणि मांडणीला एक. म्हणजे लिखाण विसाव्या आठवड्याच्या आत संपलं पाहिजे, आणि दोन आठवडे मोकळे ठेवायचे तर अठराव्या. त्यातले पहिले दोन कागदपत्रं आणि खुलाशांचे. उरतात सोळा. आपल्या उदाहरणात पहिले सहा फक्त ७क ला दिले पाहिजेत, आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी मार्गदर्शकांसोबत बसून नवे आकडे पक्के करायचे. ते पक्के नसतील, तर सहाव्या प्रकरणाला हात लावू नका. टंकलेखनाच्या चुका, संदर्भांची दुरुस्ती अशी कामं थकलेल्या दिवसांसाठी ठेवा. सकाळचे तास त्यांवर घालवू नका.

नवा विदा गोळा करायचा असेल, तर नैतिकता समितीची सुधारित मंजुरी आधी लागते आणि तिला वेळ जातो. जुन्याच विदाचं नवं विश्लेषण असेल, तर निदान संमतीपत्रात त्याला वाव होता का, हे बघा. शब्दमर्यादाही तपासा. भर घालण्याच्या मुद्द्यांनी प्रबंध वाढतो, पण मर्यादा बहुधा तीच राहते. त्यामुळे जुनं विश्लेषण परिशिष्टात न्यायचं की काढून टाकायचं, हेही आराखड्यातच ठरवा.

शेवटी तीन दस्तऐवज द्यावे लागतात: बदल दिसणारी प्रत, स्वच्छ प्रत आणि मुद्देनिहाय उत्तर. पहिल्याच दिवशी मौखिकीला दिलेली प्रत वेगळी जपून ठेवा. तिच्याशी तुलना करूनच बदल दाखवता येतात. वर्डमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे. लेटेक्समध्ये प्रबंध अनेक फाइलींत असेल तर:

```
latexdiff --flatten old/main.tex new/main.tex > diff.tex
```

तक्त्यांच्या आत बदल असतील तर ही फाइल कधीकधी संकलित होत नाही. तेव्हा तो तक्ता बाजूला काढून त्याचा बदल उत्तरात शब्दांत सांगावा.

मुद्देनिहाय उत्तर हा परीक्षक सर्वांत आधी उघडतात तो कागद. तिथे ‘दुरुस्ती केली आहे’ एवढंच लिहिलेलं असलं, की परीक्षकाला दोनशे पानं चाळावी लागतात आणि त्याचा विश्वास कमी होतो. क्रमांक ७ चं उत्तर असं हवं: ‘बहुस्तरीय प्रारूपाने विश्लेषण पुन्हा केले (पृ. ११२–११९). पद्धतीचे कारण पृ. ७४ वर दिले आहे. फरकाचा अंदाज ५.२ गुणच राहिला, पण विश्वासांतरात आता शून्याचा समावेश होतो. त्यामुळे पृ. १७१ वरील “परिणामकारक ठरली” हा दावा मागे घेतला आहे आणि गोषवारा बदलला आहे.’ पृष्ठक्रमांक नेहमी स्वच्छ प्रतीतले द्या आणि अगदी शेवटी भरा. बदल दाखवणाऱ्या प्रतीत पानं सरकलेली असतात.

एखादा मुद्दा पटत नसेल, किंवा करून पाहिल्यावर अशक्य निघाला, तर गप्प बसून वगळू नका. काय करून पाहिलं, ते का जमलं नाही आणि त्याऐवजी काय केलं, हे लिहा आणि सादर करण्याआधी मार्गदर्शकांमार्फत परीक्षकांना कळवा. गुपचूप वगळलेला एक मुद्दा सापडला, की बाकीच्या सगळ्या मुद्द्यांकडे संशयाने पाहिलं जातं.

मुदतवाढ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करा, सोबत आजारपणाचं किंवा अन्य कारणाचं कागदी प्रमाण आणि तुमचा मुद्द्यांचा तक्ता जोडा. किती कामं झाली आणि किती उरली हे त्यात स्पष्ट दिसतं. मुदत संपल्यावर केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी विचारातच घेतला जात नाही.

परीक्षकांनी मान्यता दिली की त्यांचं सही केलेलं प्रमाणपत्र परीक्षा विभागाकडे जातं आणि त्यानंतरच ग्रंथालयात अंतिम प्रत जमा करायची असते. त्या प्रतीत शीर्षकपानावरचं वर्ष, अनुक्रमणिका आणि तक्त्यांची यादी नव्याने तयार केलेली असावी.