कोरी राहिलेली पानं : एका कथेची पार्श्वभूमी

कथेतली वही मागच्या इयत्तेतून उरलेली होती. वर्धा जिल्ह्यातल्या मामाच्या गावी तेव्हा बहुतेक घरं कवेलूची, पण मामाच्या घरावर स्लॅब होता आणि उन्हाळ्यात सगळे त्यावरच झोपायचे. मी आणि मामेबहिणीनं त्या वहीत रोजचा चंद्र काढायला अक्षय तृतीयेला सुरुवात केली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून महिना पुरला.

पहिल्या चित्रात कोर होडीसारखी उताणी आहे. ती चूक नाही. वैशाखात संध्याकाळी चंद्राची आकाशातली वाट पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभी असते, त्यामुळे मावळलेला सूर्य कोरीच्या थेट खाली येतो आणि उजळलेली बाजूही खालीच राहते. आश्विनात ती वाट कललेली असते, तेव्हा कोरही बरीच उभी दिसते.

बुद्धपौर्णिमेनंतर मात्र काही पानं कोरी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि वैशाखातल्या पौर्णिमेनंतर तर त्याहून जास्त. आम्ही नऊपर्यंत डोळे ताणायचो आणि झोपून जायचो. शेवटी आजी म्हणाली, "काहून वाट पाह्यता रे? चतुर्थीचा चांद दहाच्या आंदी निंगत नाही." तिच्या संकष्टीच्या उपवासात हा हिशोब कधीचा बसलेला होता. हाच चंद्र आश्विनातल्या संकष्टीला साडेआठच्या सुमारास दिसतो. कारण तेच, वाटेचा कल.

त्या रात्री आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. चंद्रोदय १०.२५. पण सव्वादहालाच धुऱ्यावरच्या कडुनिंबाआडून तांबूस चंद्र वर आला! बहिणीला वाटलं, घड्याळ मागे पडलं. छापलेली वेळ मुंबईची होती. वर्धा मुंबईच्या पूर्वेला पावणेसहा अंशांवर आहे, आणि एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. झाडाआडून वर यायला त्याला दहाएक मिनिटं लागली असतील. १९०६ साली देशाला ८२.५ अंश रेखांशाची एकच प्रमाणवेळ मिळाली, तेव्हा घड्याळं जुळवून घेता आली. आकाशाची वेळ गावोगावी वेगळीच राहिली. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ती कॅलेंडरातली वेळ गाठायला थांबायची नाही. चंद्र दिसला की ताट वाढायची.

अष्टमीचा अर्धा चंद्र तर मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तो आम्हाला सकाळी पाणी भरताना दिसला, फिकट, ढगाच्या तुकड्यासारखा, उजवी बाजू पुसलेली. मी तो रात्री आठवून काढला आणि सवयीनं उजवीच बाजू उजळ ठेवली. बहिणीनं त्यावर काट मारून शेजारी डावा काढला. वहीत आजही दोन्ही आहेत.