तीनशे व्ह्यूजवर व्हिडिओ का अडकतो?

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीने फोन करून विचारलं, "काका, माझं अकाउंट शॅडोबॅन झालंय का हो?" तिने सायकलची उतरलेली चेन परत कशी बसवायची याचा 20 सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता, तो 312 व्ह्यूजवर थांबला. त्याच्या आधीचा एक 41 हजारांपर्यंत गेला होता, त्यामुळे तिला वाटलं की शॅडोबॅन, म्हणजे न सांगता व्हिडिओ लोकांना दाखवणंच बंद करायची काहीतरी शिक्षा लागलीये. मग कुणाच्या तरी सल्ल्याने तिने व्हिडिओ डिलीट केला, दोन दिवस ॲप उघडलंच नाही, आणि तोच व्हिडिओ परत टाकला तर 2,600 व्ह्यूज आले! झालं, तिची खात्रीच पटली की अल्गोरिदम रुसला होता आणि दोन दिवसांच्या उपासाने शांत झाला.

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण डोळ्यासमोर 312 चे 2,600 झाले की कुणालाही असंच वाटेल. पण हा फरक उपासाशिवायही पडू शकतो, आणि तो कसा पडतो हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर गणित वाटतं, म्हणून आज बहुतेक त्यावरच लिहितोय.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. तुम्ही फीड उघडता तेव्हा कोट्यवधी व्हिडिओ एकेक करून तपासायला वेळच नसतो, म्हणून काम दोन टप्प्यांत होतं. यूट्यूबच्या इंजिनियर लोकांनी 2016 साली आपली पद्धत पेपरमध्ये मांडली होती, त्यात पहिली चाळणी लाखो व्हिडिओंमधून काही शे बाजूला काढते आणि दुसरी चाळणी त्या काही शेंना नीट गुण देऊन क्रम लावते. गुण म्हणजे मुख्यतः अंदाज असतो, की हा माणूस हा व्हिडिओ किती वेळ बघेल, लाईक करेल का, कुणाला पाठवेल का. प्रत्येक शक्यतेला तिचं वजन देऊन गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. 2021 मध्ये टिकटॉकचं एक अंतर्गत कागदपत्र न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती लागलं, त्यातलं ढोबळ सूत्रही याच धाटणीचं होतं: लाईक, कमेंट, किती वेळ चालला आणि चालवला गेला का.

आता अडचण बघा. जुन्या व्हिडिओबद्दल अंदाज करायला हजारो लोकांचं वागणं हाताशी असतं. तुम्ही आत्ता टाकलेला व्हिडिओ मात्र कुणीच बघितलेला नाही. सिस्टीम चित्र, आवाज, कॅप्शन आणि तुमचे आधीचे व्हिडिओ यांवरून काहीतरी सुरुवातीचा अंदाज बांधते, पण खरं काय ते दाखवल्याशिवाय कळणार नाही, आणि दाखवायचं म्हणजे ज्या जागेवर एखादा खात्रीचा चांगला व्हिडिओ चालला असता ती जागा या नव्याला द्यायची. किती जागा द्यायच्या आणि कधी थांबायचं, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मोबाईलपेक्षा खूप जुना आहे. 1933 मध्ये विल्यम थॉम्पसन या संशोधकाने तो औषधांच्या संदर्भात मांडला होता. दोन उपचार आहेत, कुठला चांगला ते माहीत नाही, पेशंट येतायत, तर शिकण्यासाठी कमी चांगला उपचार किती जणांना देत बसायचा? त्याचं उत्तर आज थॉम्पसन सॅम्पलिंग नावाने ओळखलं जातं आणि शिफारशींच्या क्षेत्रात हे सगळ्यांच्या ओळखीचं तंत्र आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्म ते असंच्या असं वापरतो असं नाही, कुणी नव्या व्हिडिओंसाठी ठरावीक जागा राखतं, कुणी नव्याला थोडे जादा गुण देतं, पण मुळातला विचार तोच आहे.

विचार असा की प्रत्येक व्हिडिओसाठी एकच आकडा ठेवायचा नाही, एक टेकडी ठेवायची, म्हणजे खरा आकडा कुठे असण्याची किती शक्यता आहे याचा टेकडीसारखा दिसणारा आलेख. समजा आपण फक्त शेवटपर्यंत बघणाऱ्यांचं प्रमाण मोजतोय. जुना व्हिडिओ अ हजार जणांना दाखवला आणि 550 जणांनी पूर्ण बघितला, म्हणजे 55 टक्के. हजार जणांचा पुरावा असल्यामुळे त्याची टेकडी उंच आणि अरुंद आहे, खरं प्रमाण 52 ते 58 च्या मध्येच कुठेतरी असणार. नवा व्हिडिओ ब फक्त दहा जणांना दाखवला आणि चौघांनी पूर्ण बघितला. वरवर 40 टक्के, पण दहाच जण! त्याची टेकडी बुटकी आणि पसरट आहे, खरं प्रमाण 17 टक्केही असू शकतं आणि 69 ही.

आता पुढची जागा कुणाला द्यायची? फक्त सरासरी बघितली तर अ जिंकतो, दरवेळी जिंकतो, आणि ब ला परत संधीच मिळत नाही. थॉम्पसन म्हणतो, दोन्ही टेकड्यांवरून एकेक आकडा चिठ्ठीसारखा उचला, आणि ज्याचा मोठा येईल त्याला दाखवा. अ ची चिठ्ठी कायम 55 च्या आसपास निघेल. ब ची चिठ्ठी कधी 30, कधी 45, पण कधीतरी 60 सुद्धा, कारण टेकडी पसरट आहे. गणित केलं तर ब ची चिठ्ठी 55 च्या वर जाण्याची शक्यता साधारण 17 टक्के निघते, म्हणजे सहातल्या एका वेळी जागा ब ला मिळते.

पुढे समजा ब शंभर जणांना दाखवून झाला आणि 40 जणांनी पूर्ण बघितला. टक्केवारी तीच, 40. पण आता टेकडी अरुंद झाली, आणि तिच्यावरून 55 च्या वरची चिठ्ठी निघण्याची शक्यता हजारात एखाद-दुसऱ्या वेळेइतकी उरते. म्हणजे ब जवळजवळ थांबला. त्याला कुणी शिक्षा केली नाही, त्याच्या नावावर कुठे काट मारली नाही, त्याची गुणवत्ताही कमी झाली नाही, फक्त सिस्टीमची शंका संपली! व्हिडिओ आधी भराभर चालतो आणि मग काही शेंवर येऊन एकदम गप्प होतो, तो यामुळे. सुरुवातीचे व्ह्यूज हे बक्षीस नसतं, ते मोजमाप असतं, आणि मोजून झालं की थांबतं.

आता नशिबाचा भाग. ज्या व्हिडिओचं खरं प्रमाण 55 टक्के आहे, म्हणजे जो अ च्या तोडीस तोड आहे, तो दहा अनोळखी लोकांना दाखवला तर त्यातल्या चार किंवा त्याहून कमी जणांनीच पूर्ण बघण्याची शक्यता किती? 26 टक्के. चारातल्या एका वेळी चांगला व्हिडिओ सुरुवातीलाच वाईट दिसतो, निव्वळ कोणते दहा जण वाट्याला आले यावर. पुढे लोक वाढतात तसा हा गोंधळ कमी होतो, पण सावकाश, दोनशे लोकांनंतरही सात टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. आणि 55 चा व्हिडिओ 50 चा दिसला तर ज्या स्पर्धेत सगळे 52 ते 58 च्या मध्ये दाटीवाटीने उभे आहेत तिथे तो मागेच पडणार. शिवाय पुढचा टप्पा मिळाला तरच त्याच्या पुढचा मिळतो, त्यामुळे सुरुवातीचा छोटा फरक शेवटी दहापट होऊन दिसतो.

हे फक्त कागदावरचं नाही. 2006 मध्ये सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी सायन्स या नियतकालिकात एक प्रयोग छापला. अपरिचित बँडची 48 गाणी, 14 हजारांहून जास्त लोक, आणि लोकांना आठ वेगवेगळ्या जगांत विभागलेलं, प्रत्येक जगात फक्त आपल्याच जगातल्यांनी किती डाउनलोड केलं ते दिसायचं. गाणी तीच असूनही प्रत्येक जगात वेगळी गाणी वर आली. फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि फार वाईट क्वचितच वर गेली, पण मधल्यांचं काहीही झालं. आपल्यापैकी बहुतेकांचे व्हिडिओ या मधल्यांतच असतात.

म्हणून "अमुक वाजून अमुक मिनिटांनीच टाका", "ॲप दोन दिवस उघडू नका" असलं जे विकलं जातं (हो, कोर्स म्हणून पैसे घेऊन विकलं जातं) त्याचा मला मनापासून राग येतो. नवस केला आणि पाऊस पडला, याच प्रकारचा पुरावा आहे हा. दहा जणांनी तो तोडगा केला तर दोघा-तिघांचे आकडे निव्वळ योगायोगाने वाढणार, तेच बोलणार, बाकीचे गप्प बसणार.

मग ऑरगॅनिक रीचचं काय, म्हणजे पैसे न भरता जेवढे लोक मिळतात त्याचं? पहिलं म्हणजे फॉलोअर हे आता हक्काचे प्रेक्षक राहिलेले नाहीत. टिकटॉकने 2020 मध्येच सांगितलं होतं की फॉलोअरची संख्या शिफारशीत थेट धरली जात नाही. प्रत्येक व्हिडिओ स्वतःची परीक्षा स्वतः देतो. दुसरं, सरासरी काढू नका. दहा व्हिडिओंपैकी एक 41 हजारांचा आणि नऊ चारशेचे असतील तर सरासरी 4,460 येते, आणि एवढे व्ह्यूज मिळालेला त्यात एकही व्हिडिओ नाही! मधला आकडा बघा, तो 400 आहे आणि तोच तुमचा खरा रीच. आणि तिसरं, नातेवाईकांना लिंक पाठवून लाईक मागू नका, कारण पहिले प्रेक्षक सायकलवाले नसून मावशी आणि आत्या असतील तर व्हिडिओ कुणाला आवडतो याचा चुकीचाच धडा सिस्टीम शिकू शकते.

लांबीबद्दल एक गोष्ट. 10 सेकंदांचा व्हिडिओ 80 टक्के बघितला तर 8 सेकंद होतात, 40 सेकंदांचा 40 टक्के बघितला तर 16. टक्क्यांना वजन दिलं तर पहिला जिंकतो, सेकंदांना दिलं तर दुसरा. क्वाइशो या चिनी व्हिडिओ ॲपच्या संशोधकांनी 2022 मध्ये यावर उपाय सुचवला की व्हिडिओची तुलना साधारण त्याच लांबीच्या व्हिडिओंशी करायची. त्यामुळे "सात सेकंदांचाच करा" या सल्ल्याला फारसा अर्थ नाही.

शॅडोबॅन नसतोच असंही नाही. काही मजकूर खरोखर शिफारशीतून वगळला जातो, पण ते तपासता येतं. इन्स्टाग्रामवर अकाउंट स्टेटस नावाचं पान आहे, तिथे तुमचा मजकूर फॉलोअर नसलेल्यांना सुचवला जाऊ शकतो की नाही ते लिहिलेलं असतं. आणि प्रेक्षकांमध्ये फॉलोअर नसलेले दिसत असतील तर व्हिडिओ बाहेर दाखवला गेलाय हे उघडच आहे. व्ह्यूजचे आकडे जुन्याशी ताडताना पण जपा, यूट्यूब शॉर्ट्सने 31 मार्च 2025 पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरायला सुरुवात केली.

हे सगळं त्या मुलीला फोनवर सांगितलं आणि म्हटलं, दोन्ही वेळचे आकडे उघड आणि वाचून दाखव. 312 वाल्यात फॉलोअर नसलेले निम्म्याहून जास्त होते, म्हणजे बंदी नव्हतीच. शेवटपर्यंत बघणारे पहिल्या वेळी 44 टक्के, दुसऱ्या वेळी 47. दोन्ही आलेखांत लोक एकाच ठिकाणी गळत होते, तिसऱ्या सेकंदाला, जिथे ती अजून "नमस्कार मित्रांनो" म्हणत होती आणि सायकल अजून दिसलीच नव्हती.