ताटातली चटणी कुठे गेली?

मामाला स्ट्रोक आला तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो की थोडक्यात निभावलं. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत गाठ अडकली होती, डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायचा, पण बोलणं एकदम खणखणीत, सगळ्यांची नावं पाठ, बँकेतल्या एफडी कधी मॅच्युअर होणार तेसुद्धा तोंडावर. घरी आल्यावर चौथ्या दिवशी जेवताना मामीवर भडकला. रोज नुसती भाजी-आमटी, चटणी नाही, कोशिंबीर नाही, लिंबाची साधी फोड नाही, आजारी माणसाला असं वाढतात का म्हणे.

मामी ताटाकडे बघतच राहिली. चटणी होती, कोशिंबीर होती, लिंबू पण होतं. आपल्याकडे ताट वाढायची पद्धत ठरलेली, मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर-लोणचं डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. मामाने उजवीकडच्या वाट्या साफ केल्या होत्या, भात उजव्या अर्ध्यातला खाल्ला होता आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. "अहो ही काय समोर आहे चटणी," मामी म्हणाली, तर "कुठे?" शेवटी तिने वैतागून ताट अर्धं फिरवलं आणि मामा म्हणाला, "हां, आता वाढलीस."

आम्हाला वाटलं डाव्या बाजूचं दिसत नाहीये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून सांगितलं डोळे ठीक आहेत, डावीकडचं दिसतंय, तुम्ही न्यूरोवाल्यांकडे जा. ह्या प्रकाराला निग्लेक्ट म्हणतात. उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर, विशेषतः कानाच्या वर-मागे जो पॅरायटल भाग असतो तिथे इजा झाली की बऱ्याच पेशंटमधे दिसतं. फक्त अर्धी दाढी करायची, शर्टची एकच बाही चढवायची, 'महाराष्ट्र' लिहिलेलं असलं की 'राष्ट्र' वाचायचं, आणि यातलं काहीच चुकलंय असं स्वतःला वाटत नाही.

दिसणं गेलंय की लक्ष गेलंय हे ओळखायचं कसं? ज्याचं खरंच डाव्या बाजूचं दिसणं गेलेलं असतं त्या माणसाला थोड्या दिवसांत कळतं की इथे काहीतरी गायब आहे, मग तो मान वळवून वळवून बघतो. निग्लेक्टवाला मान वळवतच नाही, कारण तिकडे बघायचं काही आहे असं त्याला वाटतच नाही. त्याची मान आणि डोळे उलट उजवीकडेच वळलेले असतात. अजून एक सोपी टेस्ट आहे, कागदावर साधारण वीस सेंटीमीटरची आडवी रेघ काढायची आणि सांगायचं हिच्या बरोब्बर मधे खूण करा. आपण केली तर दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे, तेही बहुतेकदा किंचित डावीकडे. निग्लेक्टवाला कित्येक सेंटीमीटर उजवीकडे खूण करतो, जणू रेघेचा डावा तुकडा हिशेबातच नाही. गंमत म्हणजे ज्याचं नुसतं डावीकडचं दिसणं गेलंय तो बहुतेकदा उलटा चुकतो, खूण डावीकडे सरकवतो. अर्थात काही पेशंटमधे दोन्ही एकत्र असतं, तेव्हा डॉक्टरांनाही एकाच टेस्टवर निकाल देता येत नाही.

आता इथपर्यंत कोणी म्हणेल, ठीके, डोळ्यातून आलेली डावीकडची माहिती मेंदूत पुढे कुठेतरी अडते. मला पण असंच वाटत होतं. पण 1978 मधे इटलीत मिलान शहरात बिसियाक आणि लुझ्झाती या दोघांनी एक प्रयोग छापला आणि त्याने ही सरळसोट समजूत मोडीत काढली. प्रयोगाला मशीन नाही, कागद-पेन्सिलसुद्धा नाही.

मिलानच्या मधोमध एक प्रचंड चौक आहे, पियाझ्झा देल दुओमो. एका टोकाला दुओमो म्हणजे तिथलं कॅथेड्रल. कॅथेड्रलकडे तोंड करून चौकाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की डाव्या हाताला काचेच्या छताच्या गॅलेरियाची मोठी कमान आणि उजव्या हाताला राजवाडा. मिलानच्या माणसाला हा चौक पाठ असतो. निग्लेक्ट असलेले दोन पेशंट होते, दोघंही मिलानचे. त्यांना हॉस्पिटलमधे बसल्या बसल्या सांगितलं की समजा तुम्ही चौकाच्या त्या टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतंय सांगा. त्यांनी मुख्यतः उजवीकडच्या म्हणजे राजवाड्याच्या बाजूच्या गोष्टी सांगितल्या, डावी बाजू जवळजवळ रिकामी. मग सांगितलं, आता मनातल्या मनात चौक ओलांडा, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि जिथून आलात तिकडे तोंड करा. आता काय दिसतंय? आता गॅलेरियाची बाजू उजव्या हाताला आली. आणि जी बाजू मघाशी गायब होती तिच्यातलीच नावं आता भराभर यायला लागली, आणि मघाशी सांगितलेली राजवाड्याची बाजू गायब झाली.

इथे जरा थांबून विचार करा. डोळ्यांसमोर तर काहीच नव्हतं, त्यामुळे डोळ्यातून माहिती येताना अडली असं म्हणता येत नाही. आठवण पण पुसली गेलेली नव्हती, दोन्ही बाजूंची सगळी नावं पेशंटच्या डोक्यात शाबूत होती, नाहीतर दुसऱ्या वेळी आली कुठून? नसलेली होती ती फक्त मनातल्या चित्राची डावी बाजू, आणि डावी म्हणजे कुठली हे तुम्ही मनात कुठे उभे आहात त्यावर ठरत होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी मनातल्या मनात उभा राहिलो आणि पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, दवाखाना असं मोजत गेलो, मग उलट्या टोकाला जाऊन परत मोजलं. हे करताना आपण मनात खरोखर मान वळवतो हे तेव्हा जाणवलं. त्या दोन पेशंटची ती आतली मानच डावीकडे वळत नव्हती.

पण म्हणून सगळ्या पेशंटमधे दोन्ही एकत्रच जातात असं नाही. 1993 मधे इटलीतूनच एक पेशंट रिपोर्ट झाला, त्याला समोरचं डावीकडचं व्यवस्थित लक्षात यायचं, फक्त मनातल्या चित्राची डावी बाजू नसायची. म्हणजे निग्लेक्ट हा एकच एक आजार समजण्यापेक्षा एकमेकांना चिकटलेल्या तीन-चार बिघाडांचं गाठोडं समजलेलं बरं.

आणि 'न दिसलेलं' कुठेच पोचत नाही असंही नाही. इंग्लंडमधे मार्शल आणि हॅलिगन यांनी 1988 मधे एका पेशंट बाईंना घरांची दोन चित्रं एकाखाली एक दाखवली. दोन्ही घरं सारखीच, फक्त एकाच्या डाव्या बाजूने लाल ज्वाळा निघतायत. बाई म्हणाल्या दोन्ही सारखीच आहेत. कुठल्या घरात राहाल विचारल्यावर त्यांना प्रश्नच वेडगळ वाटला, पण निवडायला लावलं तर बहुतेक वेळा त्यांनी न जळणारं घर निवडलं. का ते सांगता येत नव्हतं.

मग बिघाड नेमका कसला? लक्ष डावीकडे जात नाही हे अर्धंच उत्तर झालं, ते उजवीकडे चिकटून बसतं हे उरलेलं अर्धं. कागदभर छोट्या रेघा काढून प्रत्येकीवर काट मारायला सांगितलं तर आपण डावीकडून वरून सुरू करतो, वाचायची सवयच ती. निग्लेक्टवाला उजव्या कडेपासून सुरू करतो, मधे कुठेतरी थांबतो आणि कधी कधी आधी काट मारलेल्या रेघांवरच परत काट मारत बसतो. 1988 मधे अमेरिकेत मार्क, कूइस्ट्रा आणि हाइलमन यांनी एक साधी युक्ती केली, काट मारण्याऐवजी रेघ खोडून टाकायला सांगितलं. उजवीकडच्या रेघा खोडल्या की त्या उरतच नाहीत, लक्षाला तिथे पकडून ठेवणारं काही शिल्लक राहत नाही, आणि तेच पेशंट डावीकडे बरेच पुढे सरकले. मामाच्या उजव्या बाजूला दिवसभर टीव्ही चालू असायचा, हे वाचल्यावर मी तो पहिल्यांदा बंद केला.

उजव्याच मेंदूच्या स्ट्रोकमधे हे इतकं जोरात का होतं, याचं सगळ्यात जास्त मानलं जाणारं उत्तर असं की लक्ष देण्याचं काम दोन्ही अर्ध्यांनी सारखं वाटून घेतलेलं नाहीये. डावा मेंदू मुख्यतः उजवीकडची जागा सांभाळतो, उजवा मेंदू दोन्हीकडची. डावा गेला तर उजवा दोन्हीकडे बघून घेतो, उजवा गेला तर डावीकडे बघणारं कोणी राहत नाही. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतरही निग्लेक्ट होतो, पण सहसा सौम्य असतो आणि लवकर ओसरतो. नेमक्या कुठल्या वळ्यांमधे इजा झाली की हे होतं यावर मात्र अजून भांडणं चालू आहेत, पॅरायटलवाले वेगळे आणि त्याच्या खालचा टेम्पोरल भाग म्हणणारे वेगळे.

उपायांमधे मला सगळ्यात चक्रावून टाकणारा वाटला तो चष्म्याचा. फ्रान्समधे रोसेत्ती यांच्या टीमने 1998 मधे पेशंटना प्रिझमचे चष्मे घातले, त्यातून सगळं जग साधारण दहा अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं. समोरच्या खुणेकडे बोट दाखवायला सांगितलं की बोट आधी उजवीकडे चुकतं, मग पन्नासेक वेळा करता करता हात आपोआप डावीकडे दुरुस्त होतो. मग चष्मा काढायचा. हात अजून डावीकडेच झुकलेला असतो, आणि त्याच्याबरोबर लक्षसुद्धा. काही मिनिटांच्या या खेळानंतर निदान दोन तास टेस्टमधे फरक दिसला. नंतरच्या अभ्यासांमधे मात्र निकाल उलटसुलट आलेत, रोजच्या जगण्यात किती फरक पडतो याची खात्री नाही, त्यामुळे कोणी चष्म्याने बरं करतो म्हणालं तर सांभाळून.

मामाला थेरपिस्टनी सगळ्यात साधं दिलं. पेपरच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक ओळ वाचण्याआधी ती पट्टी सापडेपर्यंत नजर डावीकडे न्यायची. नुसतं "डावीकडे बघ" सांगून काही होत नाही हे आम्ही महिनाभर ओरडून शिकलो होतो, कारण पेशंटच्या दृष्टीने तो डावीकडे बघतच असतो, जितकं 'डावीकडे' त्याच्याकडे उरलंय तितकं. लाल पट्टी सापडेपर्यंत थांबायचं नाही, असं काहीतरी पकडण्यासारखं द्यावं लागतं.

पहिल्या तीन महिन्यांत बराच फरक पडला. आता पेपर जवळजवळ नीट वाचतो, दाढी पूर्ण होते, दाराची डावी चौकट अजून अधूनमधून खांद्याला लागते. परवा जेवायला गेलो होतो तर उजवीकडच्या वाट्या संपल्यावर त्याने स्वतःच ताट फिरवलं, चटणी बघितली, खाल्ली, आणि मग मला विचारलं, "बघ रे, अजून काही राहिलंय का?"