अंदाजपत्रक-समर्थन (संशोधन अनुदान)

संशोधन अनुदानाच्या प्रस्तावात मागितलेली प्रत्येक रक्कम कशी काढली आणि ती नेमक्या कोणत्या कामासाठी लागते, हे सांगणारा भाग. प्रयोगशाळांत त्याला ‘बजेट जस्टिफिकेशन’ असेच म्हणतात. अंदाजपत्रकाच्या तक्त्यात आकडे असतात, तर समर्थनात त्या आकड्यांचा हिशेब असतो. मनुष्यबळ, उपकरणे, उपभोग्य साहित्य, प्रवास, आकस्मिक खर्च आणि संस्थेचा ओव्हरहेड ही त्यातील नेहमीची शीर्षे. उपकरणांचा खर्च अनावर्ती आणि बाकीचा बहुतेक आवर्ती मानला जातो. पुढे उपयोगिता प्रमाणपत्रातही हीच विभागणी राहते, म्हणून ती सुरुवातीलाच नीट करावी लागते.

ओव्हरहेडचा उगम. इतर शीर्षांबाबत मतभेद थोडे आहेत. ओव्हरहेडचा मात्र उगम आणि पाया हे दोन्ही वादाचे विषय राहिले आहेत. वीज, इमारत, ग्रंथालय, लेखा विभाग हे खर्च प्रत्येक प्रकल्पाला लागतात, पण कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाहीत. त्यांची भरपाई अनुदानातून करण्याची पद्धत आजच्या रूपात अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडली असावी. तेव्हा संरक्षणविषयक संशोधनाचे करार विद्यापीठांशी होऊ लागले आणि संस्थेला ‘ना तोटा, ना नफा’ हे तत्त्व मान्य झाले. काही अभ्यासक खरा आरंभ 1947च्या सुमारास नौदलाच्या पुढाकाराने ठरलेल्या हिशेबतत्त्वांत पाहतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. युद्धकाळात दर ठरत होते. कोणता खर्च कोणत्या पायावर वाटायचा, हे सूत्र त्यानंतर आले. 1958मध्ये ए-21 या परिपत्रकाने त्या सूत्राला सरकारी नियमाचे रूप दिले.

1991मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ओव्हरहेड-आकारणीवर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. त्याच वर्षी ओव्हरहेडमधील प्रशासकीय भागावर 26 टक्क्यांची मर्यादा आली. इमारती व सुविधांच्या भागाला ती लागू नव्हती. तिथल्या विद्यापीठांचे दर आजही वाटाघाटीने ठरतात आणि एकमेकांहून बरेच वेगळे असतात, याचे एक कारण हे आहे.

अमेरिकी पद्धतीत दर सरसकट सर्व रकमेला लागत नाही. मोठी उपकरणे, विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क आणि उप-अनुदानाचा ठरावीक मर्यादेवरचा भाग वगळून उरलेल्या पायावर तो आकारतात. त्यामुळे एखादी वस्तू उपकरण ठरते की साहित्य, यावर एकूण मागणी बदलते. भारतात असा वगळलेला पाया सहसा नसतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या दीर्घकाळ रूढ असलेल्या निकषांत एक कोटी रुपयांपर्यंतच्या प्रकल्पासाठी शैक्षणिक संस्थांना एकूण खर्चाच्या 10 टक्के, तर केंद्रीय खात्यांच्या प्रयोगशाळांना 8 टक्के ओव्हरहेड मिळतो. त्याहून मोठ्या प्रकल्पांत रुपयांतील कमाल मर्यादा लागते.

मनुष्यबळ. भारतीय प्रकल्पांत कायम प्राध्यापकाचा पगार सहसा मागता येत नाही. अमेरिकेत तो प्रकल्पाला दिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात मागता येतो. इकडे या शीर्षाखाली मुख्यतः संशोधन छात्र येतात. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 2023च्या आदेशानुसार कनिष्ठ संशोधन छात्राला, म्हणजे जेआरएफला, दरमहा 37,000 रुपये आणि ज्येष्ठ छात्राला, म्हणजे एसआरएफला, 42,000 रुपये मिळतात. त्यावर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता असतो. समर्थनात ‘एक छात्र हवा’ एवढे लिहून भागत नाही. त्याचे काम, त्याला लागणारे महिने आणि ते काम प्रमुख संशोधकाकडून का होणार नाही, हेही लिहावे लागते. नेट किंवा गेट नसलेल्या उमेदवाराची नेमणूक कमी मानधनाच्या पदावर करावी लागू शकते, म्हणून पदाचे नाव आधीच नीट ठरवावे.

एक उदाहरण. समजा, पुण्यातील एका महाविद्यालयाने वनस्पतीतील प्रथिनांवर तीन वर्षांचा प्रकल्प मांडला. पुणे ‘एक्स’ वर्गात असल्याने घरभाडे भत्ता 30 टक्के धरला. पहिली दोन वर्षे जेआरएफचे मासिक 48,100 रुपये, म्हणजे वर्षाला 5,77,200 होतात. तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाल्यावर मासिक 54,600, वर्षाला 6,55,200. मनुष्यबळाची बेरीज 18,09,600 रुपये येते. भत्ता विसरला, तर छात्राला देण्यासाठी तीन वर्षांत चार लाखांहून अधिक रक्कम कमी पडते.

थंड ठेवता येणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे कोटेशन 6,00,000 रुपयांचे आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 7,08,000 रुपये मागावे लागतात. सार्वजनिक निधीतील संशोधन संस्थांना उपकरणांवर 5 टक्के जीएसटीची सवलत होती. ती 18 जुलै 2022पासून बंद झाली. जुने प्रस्ताव समोर ठेवून लिहिणाऱ्यांची इथे अजूनही चूक होते. किमतीपेक्षा परीक्षक आधी एक प्रश्न विचारतात: असे यंत्र विभागात आधीच आहे का? असेल, तर ते किती तास मोकळे असते आणि नमुन्याला लागणारे तापमान व वेग त्यात मिळतो का, हे लिहिलेले बरे. हमीची मुदत संपल्यावरची देखभाल कोण करणार, हेही त्याच परिच्छेदात यावे. महाविद्यालयांत बंद पडलेली यंत्रे बहुतेकदा याच प्रश्नावर अडतात, हा माझा अनुभव आहे.

साहित्यासाठी वर्षाला 4,00,000, प्रवासासाठी 50,000 आणि आकस्मिक खर्चासाठी 50,000 धरले, तर या तीन शीर्षांचे तीन वर्षांचे 15,00,000 होतात. सर्व मिळून बेरीज 40,17,600 येते. आता ‘एकूण खर्चाच्या 10 टक्के’ याचे दोन अर्थ होतात. ओव्हरहेड सोडून उरलेल्या खर्चावर दर लावला तर 4,01,760 रुपये येतात. ओव्हरहेड धरून होणाऱ्या अंतिम रकमेच्या 10 टक्के मानले, तर तो 4,46,400 होतो. फरक 44,640 रुपयांचा, म्हणजे इथल्या वर्षभराच्या प्रवासखर्चाच्या जवळपास. पहिली रीत सोपी आणि अधिक प्रचलित आहे, म्हणून शंका असल्यास तीच वापरावी. कोणता पाया घेतला हे मात्र समर्थनात एका वाक्यात सांगावे, म्हणजे छाननीत मुद्दाम वाढवून मागितल्याचा संशय येत नाही.

प्रवास. हे शीर्ष लहान असते. ‘परिषदांसाठी’ असे मोघम लिहिण्यापेक्षा नमुने गोळा करायच्या ठिकाणी किती फेऱ्या, किती माणसे, किती दिवस, हे लिहावे. परदेश प्रवास अनेक देशी योजनांत बसत नाही. त्यासाठी वेगळी साहाय्य योजना पाहावी लागते.

मंजुरीनंतर. समर्थनाचे वजन खर्च करताना कळते. मंजूर शीर्षातून दुसऱ्या शीर्षात, विशेषतः उपकरणे आणि आवर्ती खर्च यांच्यात, पैसे वळवायला सामान्यतः निधी देणाऱ्या संस्थेची पूर्वपरवानगी लागते. उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम 2017मधील 12-ए नमुन्यात द्यावे लागते आणि शिल्लक अनुदानावरचे व्याज सरकारला परत करावे लागते. पहिल्या वर्षी खरेदी लांबली की शिल्लक मोठी दिसते आणि पुढचा हप्ता अडतो. म्हणून उपकरणाच्या निविदेला व पुरवठ्याला लागणारे महिने जाणते संशोधक समर्थनातच नोंदवतात आणि त्या यंत्रावर अवलंबून असलेल्या साहित्याचा मोठा वाटा दुसऱ्या वर्षात दाखवतात.