टीव्ही लावला की आधी काय दिसावं?

"टीव्ही लावला की ॲपचंच पान येतं, चॅनल लागतच नाही. सेट खराब निघाला का?" हा फोन आम्हाला वरचेवर येतो, म्हणून एकदा लिहूनच देतोय. सेट ठीक आहे. टीव्ही लावताना होम स्क्रीन यावी की मागच्या वेळी बघत होतो ते इनपुट, हे आपल्याला ठरवता येतं. गूगल टीव्हीच्या बऱ्याच सेटमध्ये Settings > System > Power & Energy > Power on behavior इथे जाऊन Last used input निवडायचं. सॅमसंगच्या नव्या सेटमध्ये Start Screen Option शोधा आणि त्यातलं Start with Smart Hub Home बंद करा. मॉडेलनुसार नावं थोडी बदलतात.

खरी गंमत पुढे आहे. सिडकोतल्या एका घरी मुलाने हे सेटिंग बरोबर केलं होतं, तरी सकाळी आजींना बातम्यांऐवजी ॲपचं पानच दिसायचं. कारण रात्री झोपताना टीव्ही बोर्डवरून बंद व्हायचा. वीज तुटली की स्मार्ट टीव्ही पहिल्यापासून सुरू होतो, आणि अनेक सेट तेव्हा सेटिंग काहीही असलं तरी होमवरच येतात. ओळखायचं सोपं आहे: लावल्यावर कंपनीचा लोगो येऊन बराच वेळ थांबावं लागलं, तर वीज तुटली होती. रिमोटने बंद केला असेल तर चित्र लवकर येतं.

बोर्डवरून बंद करण्यामागे विजेची काळजी असते, ती आम्हाला कळते. पण रिमोटने बंद केलेला नवा टीव्ही साधारण अर्धा वॅट घेतो, म्हणजे चोवीस तास धरले तरी महिन्याला अर्ध्या युनिटच्या आत. इंटरनेटवरून टीव्ही चालू करायची सोय सुरू ठेवली असेल तर थोडं जास्त. वळवाच्या पावसात विजा कडाडत असतील तेव्हा मात्र प्लग खुशाल काढा. तेव्हा आम्हीही काढतो.

आता ठरावीक चॅनलचं. सेट-टॉप बॉक्स असेल तर टीव्हीला फक्त एचडीएमआय कळतं, त्यावर कुठला चॅनल चाललाय ते कळत नाही. केबलच्या बॉक्सला नव्याने वीज मिळाली की बहुधा केबलवाल्याने ठरवलेला चॅनल लागतो, तो टीव्हीतून बदलता येत नाही. बॉक्ससुद्धा रिमोटनेच बंद केलात, तर बरेच बॉक्स मागचाच चॅनल लावतात. आजींच्या घरी आम्ही एवढंच केलं: दोन्ही रिमोटने बंद करायचे, आणि बोर्डच्या बटणावर "बंद करू नका" असं स्टिकर. सेटिंगला आम्ही हातही लावला नाही.

आमच्याकडून घेतलेल्या टीव्हीला बसवतानाच हे सगळं करून देतो आणि घरातल्या मोठ्यांच्या हातून एकदा लावून-बंद करून घेतो. बाहेरून घेतलेल्या सेटला घरी येण्याचे पैसे पडतात, कारण माणूस गंगापूर रोडहून नाशिकरोडला जाऊन येण्यात त्याची अख्खी सकाळ मोडते. फोनवर विचारायला काही पडत नाही. फक्त फोन करण्याआधी एकदा रिमोटने बंद करून, मिनिटभर थांबून पुन्हा लावून बघा आणि काय दिसलं ते सांगा.