कडारम् मोहीम

कडारम् मोहीम : पहिला राजेंद्र चोळ (कार. १०१४–४४) याने सुमात्रा व मलाया द्वीपकल्पातील श्रीविजय राज्यावर समुद्रमार्गे केलेली स्वारी. काळ साधारणतः इ.स. १०२५. या विजयानंतर राजेंद्राने ‘कडारंकोंडान’ (कडारम् जिंकणारा) असे बिरुद घेतले. तमिळ लेखांतील कडारम् म्हणजे मलाया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आजचे केदाह, हे आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे.

मोहिमेचा मुख्य पुरावा म्हणजे तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील राजेंद्राच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा (सु. १०३०-३१) तमिळ लेख. (याच मंदिराच्या प्राकारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशचरित्राचा प्रदीर्घ मराठी लेख आहे, मराठी वाचकाला मंदिर परिचित असते ते बहुधा त्यामुळे.) चोळांच्या लेखांचा आरंभ मेय्कीर्तीने, म्हणजे राजाच्या पराक्रमांच्या ठरावीक पद्यमय यादीने होई. नवा विजय मिळाला की यादीच्या शेवटी त्याची भर पडे. त्यामुळे एखादा पराक्रम कोणत्या राज्यवर्षाच्या लेखात पहिल्यांदा दिसतो, यावरून त्याचा काळ ठरविता येतो. कडारम्‌चा उल्लेख राजेंद्राच्या चौदाव्या वर्षापासून मिळू लागतो. त्याची राज्यवर्षे तो पित्याबरोबर सहराजा झाला त्या १०१२ पासून मोजतात. १०२५ हे वर्ष त्यावरून काढलेले आहे. ते मोहिमेच्या समाप्तीचे वर्ष मानणे अधिक सुरक्षित. नौदल निघाले ते वर्ष लेख सांगत नाही.

लेखाच्या म्हणण्याप्रमाणे राजेंद्राने ‘उसळत्या समुद्रामध्ये पुष्कळ गलबते पाठवून’ कडारम्‌चा राजा संग्रामविजयोत्तुंगवर्मा याला त्याच्या हत्तींसह पकडले, त्याचा खजिना घेतला आणि श्रीविजय नगरीच्या वेशीवरील ‘विद्याधर तोरण’ व रत्नजडित दारे हस्तगत केली. पुढे पण्णै, मलैयूर, मायिरुडिंगम्, इलंगाशोकम्, माप्पप्पालम्, मेविलिंबंगम्, वळैप्पंदूरु, तलैत्तक्कोलम्, मादमालिंगम्, इलामुरिदेशम् आणि माणक्कवारम् ही नावे एकेका विशेषणासह येतात, आणि शेवटी पुन्हा कडारम्. श्रीविजय धरून एकूण स्थळे तेरा.

‘कलम्’ या शब्दाचा प्रश्न. ‘पुष्कळ गलबते’ हे ‘पल कलम्’ या मूळ शब्दांचे भाषांतर आहे. तमिळमध्ये कलम् म्हणजे भांडे, जहाज आणि धान्याचे एक मापही. नागपट्टिनम्‌जवळच्या ज्या गावाचा पुढे उल्लेख येईल त्याचा वसूल ८,९४३ कलम् भात असा नोंदला आहे, तेथे अर्थातच जहाजांचा संबंध नाही. हा श्लेष निरुपद्रवी नाही. राजेंद्राचा पिता पहिला राजराज याच्या मेय्कीर्तीत ‘कांदळूर शालैयिल् कलम् अरुत्त’ अशी शब्दयोजना नेहमी येते. तिचा अर्थ केरळ किनाऱ्यावरील कांदळूर येथे शत्रूची जहाजे नष्ट केली असा लावून चोळ आरमाराचा इतिहास तेथून सुरू करण्याची प्रथा आहे. परंतु ‘शालै’ म्हणजे अन्नछत्र किंवा ब्राह्मणांचे विद्यापीठ. मग ‘कलम्’ म्हणजे तेथील पंगतीची पात्रे आणि एकूण अर्थ ‘तेथील भोजनाची सोय नेमून दिली’ किंवा ‘बंद केली’, असेही काही विद्वान सुचवितात. हा वाद मिटलेला नाही. कडारम्‌च्या ओळीत मात्र ‘समुद्रामध्ये’ व ‘पाठवून’ हे शब्द सोबत असल्याने जहाज हाच अर्थ निश्चित होतो. जहाजांची संख्या, घडण, सैनिकांचा आकडा किंवा सेनापतीचे नाव यांपैकी काहीही लेखात नाही. चोळ लढाऊ जहाजांचे प्रकार व दर्जे सांगणाऱ्या ज्या याद्या प्रचलित आहेत, त्यांना समकालीन लेखांचा आधार नाही. राजाने व्यापाऱ्यांची मालवाहू गलबते सैन्य वाहण्यासाठी घेतली असावीत, हे मत अधिक संभाव्य वाटते.

स्थळनिश्चिती. कडारम्‌चा शोध आरंभी भलत्याच ठिकाणी झाला. प्रथम ते दक्षिण तमिळनाडूतच असावे असे सुचविले गेले. नंतर पेगू (दक्षिण ब्रह्मदेश) पुढे आले आणि तेथील दोन दगडी स्तंभ राजेंद्राचे जयस्तंभ म्हणून दाखविण्यात आले. १९१८ मध्ये फ्रेंच पंडित जॉर्ज सेदेस याने श्रीविजय हे राजाचे नाव नसून पालेंबांग येथील राज्याचे नाव आहे, हे चिनी साधने आणि शिलालेख यांच्या आधारे दाखविले, तेव्हा यादीचा नकाशा बसू लागला. मलैयूर म्हणजे जांबीचा प्रदेश, पण्णै म्हणजे सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावरील पाने, इलंगाशोकम् म्हणजे पट्टाणीजवळचे लंकाशुक, मादमालिंगम् म्हणजे तांब्रलिंग (आजचे नखोन सी थम्मरात), इलामुरिदेशम् म्हणजे सुमात्राच्या उत्तर टोकाचे लामुरी आणि माणक्कवारम् म्हणजे निकोबार बेटे, ही समीकरणे आता सर्वमान्य म्हणता येतील. तलैत्तक्कोलम् ताकुआपा की त्रांग, यावर मतभेद आहे. माप्पप्पालम् पेगूच्या किनाऱ्यावर धरतात, ते श्रीलंकेच्या महावंस या पाली इतिहासग्रंथातील एका नावाच्या आधारावर. मेविलिंबंगम् आणि वळैप्पंदूरु यांच्याविषयीची मते तर्काच्या पलीकडे जात नाहीत.

मार्ग व ऋतू. यादीचा क्रम हाच मोहिमेचा मार्ग मानल्यास अडचण येते. नागपट्टिनम्‌हून निघालेल्या गलबतांना निकोबार व लामुरी आधी लागतात, कारण मलाक्काच्या सामुद्रधुनीचे तोंड त्यांच्याजवळच आहे. यादीत मात्र ती शेवटाकडे आहेत. सुमात्राच्या पश्चिम बाजूने खाली जाऊन, सुंदा सामुद्रधुनीतून वळून, आरमाराने पालेंबांगवर अनपेक्षित बाजूने हल्ला केला असा एक कल्पक खुलासा आहे. तथापि मेय्कीर्ती हे पद्य आहे. त्यात राजधानीला अग्रस्थान मिळणे स्वाभाविक आहे, आणि क्रमावरून मार्ग काढणे धोक्याचे. पालेंबांग समुद्रापासून सु. ८० ते ९० किमी. आत, मुसी नदीवर आहे. दलदलीच्या मुखातून भरतीबरोबर वर चढताना वाटाड्याशिवाय गाळात रुतण्याचे भय असते. म्हणजे हे पाणी ओळखणारे लोक आरमारात असले पाहिजेत, आणि ते या मार्गावर नियमित ये-जा करणाऱ्या तमिळ व्यापाऱ्यांकडूनच मिळू शकत होते.

वेळ निवडण्यास वाव थोडा होता. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चोळमंडल किनाऱ्यावर चक्रीवादळांचा काळ. नागपट्टिनम् येथे नैसर्गिक आडोशाचे खोल बंदर नाही, उघड्या समुद्रात नांगर टाकावा लागतो. वादळे ओसरल्यावर, जानेवारी ते मार्चमध्ये, ईशान्येचा वारा गलबताच्या डाव्या अंगावर घेऊन आग्नेयेकडे जाता येते. निकोबार व सुमात्राचे टोक यांच्यामधील रुंद समुद्रपट्टा ओलांडला की केदाहजवळचा गुनुंग जेराई हा सु. १,२०० मी. उंचीचा पर्वत दुरून दिसतो आणि खलाशांना खूण मिळते. सामुद्रधुनीतील ठाण्यांवरून हिंडून परतायचे, तर पुढील ईशान्य मोसमाची वाट पाहावी लागे. एवढा काळ सैन्य शत्रूच्या प्रदेशात पोसणे हे एकामागून एक बंदरे लुटण्याचे कारणही असू शकेल. वाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, याचा नेमका आकडा १०१५ मध्ये चिनी दरबारी पोहोचलेल्या चोळ वकिलातीच्या नोंदीत आहे : एकूण प्रवास १,१५० दिवसांचा, त्यात प्रत्यक्ष जहाज चालले ते सु. २४७ दिवस.

कारणे. मोहिमेच्या वीस वर्षे आधी दोन्ही राज्यांचे संबंध उत्तम होते. राजराजाच्या एकविसाव्या वर्षी (सु. १००५-०६) श्रीविजयचा राजा मारविजयोत्तुंगवर्मा याच्या नागपट्टिनम् येथील चूडामणी विहारास आनैमंगलम् हे गाव दान मिळाले. हे दानपत्र लायडनचा मोठा ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे २१ पत्रे असून पाच संस्कृत आणि सोळा तमिळ आहेत. (विहाराचा उरलेला मनोरा १८६७ मध्ये पाडण्यात आला.) बिघाड कशाने झाला, हे कोणताही लेख सांगत नाही. इतिहासकार नीलकंठ शास्त्री यांनी चोळांच्या पूर्वेकडील व्यापारात श्रीविजयने अडथळा आणला असावा किंवा राजेंद्राला केवळ दिग्विजय हवा होता, असे दोन पर्याय ठेवले. जॉर्ज स्पेन्सर यांनी लुटीला महत्त्व दिले : चोळ राजाला सरदार व सैन्य टिकविण्यासाठी सतत नवी लूट लागे. तानसेन सेन यांचा भर चीनच्या व्यापारावर आहे; श्रीविजयचे वकील सुंग दरबारात चोळांना आपले मांडलिक म्हणून दाखवीत, असे ते मानतात. कंबुज राजाने राजेंद्राला रथ भेट पाठविल्याची नोंद करंदै ताम्रपटात आहे. तिच्यावरून तांब्रलिंगाविरुद्ध साहाय्याची विनंती सुचविली जाते, पण एका रथावर इतका भार टाकता येईल का, याची शंका वाटते. बंदरात न थांबता पुढे जाणाऱ्या जहाजावर श्रीविजयची गलबते चालून जात, असे चाऊ जू-क्वा हा चिनी अधिकारी १२२५ मध्ये लिहितो. नोंद दोनशे वर्षे नंतरची आहे. पण हीच पद्धत पूर्वीही असेल, तर नागपट्टिनम्‌च्या व्यापाऱ्यांची तक्रार समजण्याजोगी आहे. लूट व व्यापार ही कारणे परस्परांना वगळणारी नव्हेत.

परिणाम. समुद्रापलीकडे चोळांनी प्रांत वसविला, अधिकारी नेमले किंवा कर घेतला, याचा पुरावा नाही. श्रीविजयचे वकील १०२८ मध्ये, म्हणजे तीनच वर्षांनी, चीनला पोहोचले. राज्य मोडले नव्हते. वीरराजेंद्राने (कार. १०६३–७०) कडारम् जिंकून ते पायांशी आलेल्या राजाला परत दिल्याचा दावा केला आहे; तेथील वारसा-वादात एका पक्षास दिलेली मदत असे त्याचे स्वरूप असावे. पहिल्या कुलोत्तुंगाच्या काळात (सु. १०९०) कडारम्‌च्या दोन वकिलांच्या विनंतीवरून विहाराच्या गावांना करमाफी मिळाली, ती लायडनच्या लहान, तीन पत्र्यांच्या ताम्रपटात नोंदली आहे. म्हणजे संबंध पूर्ववत झाले होते.

टिकाऊ बदल व्यापाऱ्यांच्या वाट्याला आला. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बारूसजवळ लोबू तुआ येथे शके १०१० (१०८८) चा तमिळ शिलालेख सापडला. बारूस हे कापराचे बंदर. लेख कोणत्याही चोळ राजाचा नाही. ‘दिशांतील सहस्र स्थळांचे पाचशे’ (तिशै आयिरत्तु ऐञ्ञूऱ्ऱुवर) या व्यापारी संघाचा आहे. बंदरात येणाऱ्या जहाजाचा नायक व त्याच्यासोबतचे लोक यांनी कस्तुरीच्या भावाच्या प्रमाणात सोन्यात पट्टी भरावी, आणि मगच आत यावे, असा ठराव संघाने त्यात नोंदविला आहे. पट्टी बसविणारा येथे संघ आहे, राजा नाही.