ताळा करताना t = 0 ला थांबू नका

डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर आलं की बरीच मुलं त्यात t = 0 घालतात, दिलेला आकडा आला की बरोबरची खूण करून पुढच्या गणिताला लागतात. पण सुरुवातीची अट जुळली म्हणून समीकरणही जुळलंच असं होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. कसं ते एका ड्रमवर दाखवतो.

इटलीच्या टॉरिचेलीने १६४४ साली छापलेला नियम आहे, तळाच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे पाणी कमी होईल तशी धार मंदावते. आता १०० सेंटीमीटर पाणी भरलेला सरळ उभा ड्रम घ्या, उंची h सेंटीमीटरमधे, वेळ t मिनिटांत. ड्रमचा व्यास ६० सेंटीमीटर आणि भोक साधारण दीड सेंटीमीटरचं असेल तर समीकरण जवळपास असं सुटसुटीत येतं:

dh/dt = −√h, आणि h(0) = 100

√h डावीकडे नेऊन दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन केलं की √h = C − t/2 मिळतं, वर्ग केला की h = (C − t/2)². आता C शोधायला t = 0 घाला, C² = 100 येतं. इथेच दोन वाटा फुटतात, C = 10 किंवा C = −10, आणि सुरुवातीची अट दोघांनाही पास करते!

मग खरं कोण? उत्तर परत मूळ समीकरणात घालून बघायचं. आधी C = −10 घेऊ. h = (−10 − t/2)² चं डेरिव्हेटिव्ह काढलं तर 10 + t/2 येतं, हे धन आहे, म्हणजे भोक पडलेल्या ड्रममधलं पाणी वाढतंय. उजवी बाजू −√h मात्र कधीच धन होत नाही, म्हणून हे उत्तर बाद. आता C = 10, म्हणजे h = (10 − t/2)². डेरिव्हेटिव्ह −(10 − t/2). दहाव्या मिनिटाला h = 25, डावी बाजू −5, उजवी बाजू −√25 म्हणजे −5, ताळा जुळला.

इथे बहुतेक जण थांबतात, पण मला या गणितातली सगळ्यात आवडती जागा पुढेच आहे. तिसाव्या मिनिटाला बघा. h = (10 − 15)² = 25, म्हणजे विसाव्या मिनिटाला रिकामा झालेला ड्रम पुन्हा पाव मीटर भरला! डावी बाजू −(10 − 15) = +5, उजवी बाजू −5. जुळत नाही. कारण असं की (10 − t/2)² चं वर्गमूळ 10 − t/2 नसतं, ते |10 − t/2| असतं, वर्गमूळ ऋण घेता येत नाही ना. २० मिनिटांपर्यंत दोन्ही एकच असतात म्हणून काही कळत नाही, त्यानंतर चिन्ह उलटतं आणि आपलं उत्तर समीकरण मोडायला लागतं. म्हणून परत घालताना एखादा सोयीचा आकडा पुरत नाही, सगळ्या t साठी दोन्ही बाजू मांडायच्या आणि वर्गमूळ दिसलं की आतली राशी धन आहे की ऋण ते विचारायचं. "पाच सेकंदात उत्तर" वाल्या व्हिडिओंवर माझा राग आहे तो यासाठीच, त्यात उत्तर कुठपर्यंत चालतं हे कोणी सांगतच नाही.

दुरुस्त उत्तर असं: २० मिनिटांपर्यंत h = (10 − t/2)², त्यानंतर h = 0. शून्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य आणि −√0 पण शून्य, म्हणजे दुसरा तुकडाही पास. सांध्यावर, t = 20 ला, दोन्हीकडून उंची शून्य आणि डेरिव्हेटिव्हही शून्य, म्हणून जोडही गुळगुळीत बसतो. आणि h(0) = 100 आहेच.

पण ताळा जुळला म्हणजे तेवढं एकच उत्तर असतं असंही नाही. समजा वरची अट काढून फक्त h(30) = 0 एवढंच दिलं. आता ड्रम विसाव्या मिनिटाला रिकामा झाला असेल, पंचविसाव्या झाला असेल किंवा आधीपासूनच कोरडा असेल, प्रत्येकाचं सूत्र समीकरणात घातलं की जुळतं आणि ही अटही पाळतं. उत्तर एकमेव असण्याची जी नेहमीची हमी असते तिला उजव्या बाजूचा h नुसारचा उतार आवाक्यात असावा लागतो, आणि √h चा उतार h = 0 पाशी अनंत होतो, त्यामुळे ती हमी नेमकी रिकाम्या ड्रमपाशी लागू होत नाही. १०० सेंटीमीटरपासून पुढे जाताना हा प्रश्न येत नाही, रिकाम्या ड्रमवरून मागे जाताना येतो.